सांगली एचक्यूच्या एमआरचा रेझ्युमे: मॅनेजर त्यात काय शोधतो

प्रश्न: मी सांगली एचक्यूला तीन वर्षं औषध कंपनीचा एमआर आहे. जनरल डिव्हिजन, म्हणजे अँटिबायोटिक, पेनकिलर, ॲसिडिटीची औषधं. आता कार्डिओ-डायबेटिकला अर्ज करतोय. रेझ्युमेत लिहिलंय: 'टेरिटरी सांगली जिल्हा. डॉक्टर लिस्ट १८०. रोजचे कॉल १४. कव्हरेज १०० टक्के. टार्गेट ११८ टक्के. सर्व प्रॉडक्टचं उत्तम ज्ञान.' पाच ठिकाणी पाठवला. दोन ठिकाणी पहिल्या फेरीत थांबलं, बाकीच्यांनी बोलावलंच नाही. काय चुकतंय?

उत्तर:

सहा वर्षं मी स्वतः बॅग घेऊन फिरलो, त्यातली चार सांगली-मिरजेत. नंतर एरिया मॅनेजर झालो आणि आता रिजनलचं काम बघतो. एमआरच्या जागेसाठी आलेला रेझ्युमे माझ्यासारखा माणूस कसा वाचतो ते सांगतो, म्हणजे तुमचा कुठे अडतो ते कळेल.

रेझ्युमे हातात आला की मी त्यावरून त्या माणसाचा एक महिना जुळवून बघतो. किती दिवस फिल्डवर, कुठल्या गावात किती, तिथे डॉक्टर किती, कोण किती वेळा भेटलं. हे सगळं मनात बसलं तर मी फोन करतो. तुमच्या पानावर सहा विधानं आहेत, आणि पहिली चार एकत्र ठेवली की महिना बसत नाही. हिशेब मांडूनच दाखवतो.

महिन्यात रविवार आणि एखादी सुटी सोडली की साधारण २५ दिवस उरतात. एक दिवस मीटिंगचा, एक रजेचा किंवा आजारपणाचा. राहिले २३. 'सांगली जिल्हा' असं तुम्ही लिहिलंय, पण जिल्हा फार मोठा आहे. जनरल डिव्हिजनचा एक माणूस एवढ्या लिस्टवर तो कसा फिरेल, याचा अंदाज मला बांधावा लागतो. मी धरतो की सांगली आणि मिरज मिळून १३ दिवस. बाकीचे १० दिवस बाहेर: तासगाव ३, विटा ३, जत २, पलूस १, कवठेमहांकाळ १.

बाहेरच्या दिवशी सकाळची बस किंवा बाईक, पोचेपर्यंत ओपीडी भरलेली. डॉक्टर एमआरना ओपीडी संपताना घेतात. दुपारी गाव झोपतं, संध्याकाळी पुन्हा उघडतं, आणि परतीचा प्रवास असतोच. जतला मुक्काम केला तर गोष्ट वेगळी. पण रोज ये-जा करणाऱ्याचे बाहेरगावचे कॉल दहाच्या आसपास जातात. दहा दिवसांचे १००.

आता तुमचा आकडा बघा. रोज १४ म्हणजे २३ दिवसांत ३२२ कॉल. त्यातले १०० बाहेरचे वजा केले की २२२ उरतात, आणि ते सांगली-मिरजेच्या १३ दिवसांत व्हायला हवेत. म्हणजे दिवसाला १७. मिरजेत ज्याने काम केलंय त्याला हे पटणार नाही. तिथले कन्सल्टंट ठरलेल्या वेळीच भेटतात, काही जण आठवड्यातून एकच दिवस एमआरना वेळ देतात, आणि एका फिजिशियनच्या दारात पाऊण तास उभं राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे दिवसाला १० कॉल नीट झाले तर तो चांगला दिवस.

वाचणारा इथेच थांबतो. तुम्ही खोटं लिहिलंय असं तो लगेच म्हणणार नाही. कदाचित तुमच्या कंपनीने १४ चं टार्गेट दिलं असेल आणि तुम्ही टार्गेट लिहिलंत. कदाचित केमिस्टचे कॉलही त्यात धरले असतील. पण हे विचारायला फोन कोण करणार? शेजारी आणखी चाळीस रेझ्युमे पडलेले असतात.

म्हणून पहिली दुरुस्ती टेरिटरीच्या ओळीत करा. 'सांगली जिल्हा' काढा आणि गावं लिहा. एचक्यू कुठलं, जाऊन-येऊन करायची एक्स स्टेशन कुठली, मुक्कामाची आऊट स्टेशन कुठली, आणि महिन्यात तिथे किती दिवस. दोन ओळींत बसतं. एरिया मॅनेजर ही ओळ सगळ्यात आधी वाचतो, कारण त्याची रिकामी जागा एका एचक्यूची असते आणि त्या एचक्यूची गावं त्याला तोंडपाठ असतात. तुमची गावं त्याच्या गावांशी जुळली की तो पुढचं वाचतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने दारं शोधण्यात जाणार नाहीत हे त्याला तेवढ्यावरून कळतं.

दुसरी दुरुस्ती कॉलच्या आकड्यात. 'टार्गेट १२, सरासरी ११' असं दोन्ही लिहा. ११ हा आकडा तुम्हाला लहान वाटेल, पण २३ दिवसांत त्याचे २५३ कॉल होतात आणि ते वर मांडलेल्या महिन्यात बसतात. बाहेरचे १००, एचक्यूचे १५३, म्हणजे एचक्यूला दिवसाला पावणेबारा. एचक्यूचं टोक जरा ताणलेलं आहे, पण सांगलीतले जनरल प्रॅक्टिशनर जवळजवळ असतात, संध्याकाळी एका पेठेत पाच-सहा दवाखाने होतात. हे पटतं. डॉक्टर कॉल आणि केमिस्ट कॉल मात्र वेगळे लिहा. दोन्हींची बेरीज करून एक आकडा देणं ही नवख्यांची चूक आहे, आणि जुन्या मॅनेजरला ती एका नजरेत दिसते.

आता कव्हरेज. '१०० टक्के' या शब्दांवर मी स्वतः एकदा पोळलोय. एरिया मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी मी एका मुलाला घेतलं. रेझ्युमेवर कव्हरेज शंभर टक्के, आधीच्या कंपनीचं प्रशस्तिपत्र, बोलणं छान. चार महिन्यांनी त्याच्याबरोबर जॉइंट वर्किंगला एका बाहेरगावी गेलो. रिपोर्टमध्ये त्या गावचे कॉल दर महिन्याला नियमित होते. तिथल्या मुख्य केमिस्टने मला नमस्कार केला, चहा मागवला आणि माझ्याच मुलाकडे बघून विचारलं, 'हे नवीन आलेत का तुमच्याकडे?' तो मुलगा त्या गावी पहिल्यांदाच आला होता. तेव्हापासून शंभर टक्के दिसलं की मी त्या माणसाच्या सगळ्यात लांबच्या गावाबद्दल विचारतो. तिथला मुख्य केमिस्ट कोण, फिजिशियन किती वाजता बसतात, शेवटची गाडी कधी. तुम्हाला मुलाखतीत जतबद्दल विचारलं तर त्यामागे हे कारण असतं.

शंभर टक्के कव्हरेज एखाद्या महिन्यात होतं, पण तीन वर्षं सलग होत नाही. डॉक्टर लग्नाला जातात, कॉन्फरन्सला जातात, दवाखाना हलवतात. शिवाय 'कव्हरेज' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी असतात. लिस्टमधला प्रत्येक डॉक्टर महिन्यात एकदा तरी भेटला का, ही पहिली. ज्या कोअर डॉक्टरांना दोनदा किंवा तीनदा भेटायचं ठरलंय, त्यांच्या सगळ्या भेटी झाल्या का, ही दुसरी. बिझनेस दुसरीतून येतो. रेझ्युमेवर बहुतेक जण पहिलीच लिहितात, कारण ती गाठायला सोपी.

तुमच्यासारख्या टेरिटरीत ते कसं दिसेल बघा. १८० ची लिस्ट, त्यात ६० कोअर, प्रत्येकाच्या दोन भेटी. सगळं झालं तर २४० कॉल लागतात. तुमच्याकडे २५३ आहेत, म्हणजे काम शक्य आहे पण सैल नाही. प्रत्यक्षात समजा महिन्याला सरासरी १६८ डॉक्टर एकदा तरी भेटले आणि ६० पैकी ५१ कोअर दोनदा झाले. म्हणजे एकूण कव्हरेज ९३ टक्के आणि कोअरचं फ्रिक्वेन्सी कव्हरेज ८५ टक्के. १६८ आणि ५१ मिळून २१९ कॉल. उरलेले ३४ कॉल कोअर नसलेल्यांच्या दुसऱ्या भेटीत गेले. मग मी विचारीन की नऊ कोअर एकदाच भेटले तेव्हा हे ३४ कॉल तिकडे का गेले. उत्तर असं असू शकतं की ते नऊ जण जत आणि विट्याचे, तिथे महिन्यात दोन-तीनच दिवस मिळतात, आणि त्यातल्या एका दिवशी डॉक्टर नसले की दुसरी भेट गेलीच. हे उत्तर ज्याच्याकडे तयार आहे त्याने महिना खरोखर जगलेला असतो. मी अशा माणसाला १०० टक्केवाल्याच्या आधी घेतो.

आकडे आठवणीने लिहू नका. तुमच्या रिपोर्टिंग ॲपमध्ये महिन्याचा गोषवारा असतो: फिल्ड दिवस, कॉल ॲव्हरेज, कव्हरेज, मिस्ड कॉल. गेल्या सहा महिन्यांचा बघा आणि सरासरी काढा. एक काळजी घ्या. त्याचा स्क्रीनशॉट अर्जाबरोबर जोडू नका. डॉक्टरांची नावं, कोणाचा बिझनेस किती, हे सध्याच्या कंपनीचं आहे. आज तुम्ही ते माझ्याकडे आणलंत तर उद्या माझं दुसऱ्याकडे न्याल असं मी धरतो. गावं, संख्या, स्पेशालिटी आणि टक्के एवढं पुरतं.

'टार्गेट ११८ टक्के' याबद्दल थोडक्यात. हे प्रायमरीचं की सेकंडरीचं, ते लिहिलेलं नाही. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेला माल प्रायमरी, स्टॉकिस्टकडून दुकानात गेलेला सेकंडरी. समजा तिमाहीत महिन्याचं टार्गेट सहा लाख, प्रायमरी ७ लाख ८ हजार आणि सेकंडरी ५ लाख ४० हजार. प्रायमरीत ११८ टक्के दिसतात, पण दर महिन्याला १ लाख ६८ हजारांचा माल स्टॉकिस्टकडे साचतो. तीन महिन्यांत पाच लाखांच्या वर. तो पुढच्या वर्षी एक्स्पायरी म्हणून परत येतो आणि नव्या एमआरच्या खात्यात पडतो. म्हणून 'सेकंडरी' हा शब्द लिहा, कालावधी लिहा, आणि तुम्ही घेतली तेव्हा टेरिटरी किती होती आणि आता किती आहे ते लिहा. सेकंडरीचे टक्के ११८ पेक्षा कमी निघाले तरी तेच लिहा.

आता तिसरी गोष्ट, प्रॉडक्टची ओळख. तुमचा अर्ज इथे सगळ्यात जास्त कमी पडतोय, आणि तुमच्याकडे सांगण्यासारखंही इथेच सगळ्यात जास्त आहे. 'सर्व प्रॉडक्टचं उत्तम ज्ञान' हे वाक्य प्रत्येकाच्या रेझ्युमेवर असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही ॲक्यूटमधून क्रॉनिकमध्ये येताय. हा बदल तुम्हाला समजलाय का, एवढंच मला बघायचं असतं.

अँटिबायोटिकचं प्रिस्क्रिप्शन पाच-सात दिवसांचं. पावसाळ्यात सेल वर, उन्हाळ्यात खाली. डॉक्टरला आज पटलं तर तो संध्याकाळी लिहितो आणि तुम्हाला आठवड्यात दुकानात दिसतं. मधुमेहाच्या औषधाचं तसं नाही. ज्याची शुगर एका गोळीवर बरी चाललीय त्याची गोळी फिजिशियन एमआरच्या सांगण्यावरून बदलत नाही, आणि बदलूही नये. तुमच्या ब्रँडला जागा मिळते ती नवीन निदान झालेल्या पेशंटमध्ये, किंवा आधीची औषधं पुरत नाहीत म्हणून नवीन गोळी जोडायची वेळ येते तिथे. त्यामुळे सुरुवातीचे चार-सहा महिने आकडा हलत नाही. पण एकदा लिहायला लागले की तो पेशंट महिन्यामागून महिना, कित्येकदा वर्षानुवर्षं तीच गोळी घेतो. हे ज्याला माहीत नाही तो तिसऱ्या महिन्यात धीर सोडतो, आणि मला पुन्हा जाहिरात द्यावी लागते.

मिरजेची एक गोष्ट या कामात फार महत्त्वाची आहे. मिरज हे जुनं वैद्यकीय गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि आजही जत-कवठेमहांकाळपासून पलीकडे कर्नाटकातल्या अथणीपर्यंतचे लोक तिथे तपासायला येतात. ॲक्यूटमध्ये पेशंट प्रिस्क्रिप्शन घेतो, खालच्याच दुकानातून औषध घेतो आणि गावी जातो. सेल मिरजेत दिसतो. डायबेटिकमध्ये पहिल्या महिन्याची गोळी मिरजेत घेतली जाते, दुसऱ्या महिन्यापासून तो पेशंट चिठ्ठी घेऊन जतच्या दुकानात उभा असतो. तिथे तुमची स्ट्रिप नसेल तर त्याच्या हातात दुसरा ब्रँड पडतो, आणि पुढच्या वेळी मिरजेत आला की डॉक्टर तोच पुढे चालू ठेवतात. तुम्ही मिरजेत डॉक्टर मिळवला आणि जतमध्ये गमावला, आणि ते तुम्हाला कळलंही नाही.

जनरल डिव्हिजनमध्ये जतचे दोन दिवस कॉल पूर्ण करण्यापुरते असतात. क्रॉनिकमध्ये ते दोन दिवस मिरजेतलं काम टिकवतात. तुम्ही तीन वर्षं जतच्या दुकानांत जाताय. तिथली कुठली दुकानं मिरजेच्या फिजिशियनच्या चिठ्ठ्या जास्त बघतात हे तुम्हाला माहीत असेल, आणि नसेल तर पुढच्या दोन फेऱ्यांत माहीत करून घेता येईल. मेट्रोतून आलेल्या, डायबेटिकचाच अनुभव असलेल्या उमेदवाराकडे हे नसतं. टेरिटरी, कॉल आणि प्रॉडक्ट या तीन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी म्हणून लिहिल्या की हा धागा निसटतो.

म्हणून प्रॉडक्टच्या ओळीत पहिल्यांदा आजच्या लिस्टमधला सामाईक भाग लिहा. १८० पैकी एमडी मेडिसिन किती, कार्डिओलॉजिस्ट किती, मधुमेहाचे पेशंट नियमित बघणारे जनरल प्रॅक्टिशनर किती. समजा २२, ३ आणि २५. म्हणजे ५० डॉक्टर असे की ज्यांच्या दारात तुम्ही नवीन डिव्हिजनच्या पहिल्या दिवशी ओळखीने जाल. कार्डिओ-डायबेटिकची लिस्ट जनरलपेक्षा लहान असते. समजा ती १२० ची असेल, तर त्यातले ५० तुमच्याकडे आधीच आहेत. माझ्यासाठी तुमच्या अर्जातली ही सगळ्यात किमती ओळ ठरेल.

त्यानंतर वर्गाची ओळख. येत्या महिन्यात दहा-बारा केमिस्टकडे आरसीपीए, म्हणजे डॉक्टर काय लिहितात याची दुकानातली पाहणी, करताना डायबेटिकचंही बघा. फिजिशियन काय लिहितात, जनरल प्रॅक्टिशनर काय लिहितात, त्यात फरक कुठे. बाजार असा का दिसतो हेही समजून घ्या. भारतात विल्डाग्लिप्टिनचं पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं ऑक्टोबर २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं जुलै २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी एकाच रेणूचे ढीगभर ब्रँड बाजारात आले आणि किमती धाडकन खाली आल्या. पूर्वी जी गोळी मोठ्या शहरातला कन्सल्टंटच लिहायचा ती आता तालुक्याचा डॉक्टर लिहितो. म्हणूनच तुम्ही आणखी एक सिटाग्लिप्टिन घेऊन गेलात की डॉक्टर व्हिज्युअल एडकडे न बघता किंमत विचारतात. हे ज्याला सांगता येतं त्याला मी वर्ग माहीत आहे असं म्हणतो, मग त्याने एकही दिवस डायबेटिक विकलेलं नसलं तरी.

मुलाखतीत मी एकच प्रश्न खोलात विचारतो. जतकडचा शेतमजूर, वय पंचावन्न, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडवर आहे, एचबीएवनसी ८.२. फिजिशियन तुम्हाला विचारतात, तुमची डापाग्लिफ्लोझिन याला का देऊ? बरेच जण व्हिज्युअल एड पाठ म्हणतात: शुगर कमी, वजन कमी, हृदय आणि किडनीला फायदा. ते चुकीचं नाही, पण डॉक्टरांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्याबरोबर पाणीही जातं. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी होईल का? जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होतो, तो त्याला सांगता येईल का? किडनीचं ईजीएफआर केलंय का? ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ते थांबवावं लागतं, हे तालुक्याच्या ठिकाणी लक्षात राहील का? ग्लिमेपिराइड चालू असताना ही गोळी जोडली तर शुगर फार खाली जाण्याचा धोका वाढतो, मग ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का? उपासाच्या दिवसांत हा प्रश्न जास्तच येतो. निर्णय डॉक्टरांचा असतो. पण हे प्रश्न तुम्हाला आधीच माहीत असले, आणि माहितीपत्रकात जे लिहिलंय तेवढंच तुम्ही स्वच्छ सांगितलंत, तर पुढच्या वेळी डॉक्टर तुम्हाला बसायला सांगतात. एमआरने धोका झाकून फायदाच सांगितला आणि पेशंट चक्कर येऊन पडला, तर तो डॉक्टर त्या कंपनीचा कायमचा गेला. आणि त्याआधी एक माणूस विनाकारण पडलेला असतो.

आणखी एक ओळ काही रेझ्युमेंवर असते, ती तुमच्यात असेल तर काढा: 'डॉक्टरांशी घनिष्ठ संबंध, गिफ्ट आणि टूरचं आयोजन.' १२ मार्च २०२४ ला सरकारने औषध विपणनाची एकसमान संहिता जाहीर केली. तिच्यात डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू आणि प्रवासाची सोय देणं मनाई आहे, आणि भेट मिळवण्यासाठी एमआरने कुठलंही आमिष दाखवायचं नाही हेही स्पष्ट लिहिलंय. सॅम्पलवरही मर्यादा आहेत. पूर्वी ज्या गोष्टीची लोक फुशारकी मारत, ती वाचून आता मॅनेजर पान उलटतो.

हे सगळं लक्षात घेऊन तुमच्या सहा विधानांच्या जागी काय येईल ते लिहितो. रेझ्युमे तुम्ही इंग्रजीत करालच. आकडे मी वरच्या हिशेबातले धरलेत. तुमच्या ॲपमधले खरे आकडे त्यांच्या जागी घाला.

'एचक्यू सांगली-मिरज, महिन्यात १३ दिवस. तासगाव ३, विटा ३, जत २, पलूस १, कवठेमहांकाळ १. तीन वर्षं सलग हीच टेरिटरी.

डॉक्टर लिस्ट १८०, त्यात कोअर ६०. रोजच्या डॉक्टर कॉलचं टार्गेट १२, गेल्या सहा महिन्यांची सरासरी ११. केमिस्ट कॉल वेगळे, रोज ४. एकूण कव्हरेज ९३ टक्के, कोअर डॉक्टरांच्या दोन भेटी ८५ टक्के.

लिस्टमध्ये एमडी मेडिसिन २२, कार्डिओलॉजिस्ट ३, मधुमेह नियमित बघणारे जनरल प्रॅक्टिशनर २५. मिरजेच्या कन्सल्टंटच्या चिठ्ठ्या येणारी जत, विटा आणि कवठेमहांकाळची दुकानं माहीत. त्यांपैकी १२ दुकानांत डायबेटिकचं आरसीपीए केलं.'

शेवटची ओळ प्रत्यक्ष काम झाल्यावरच लिहा. बारा दुकानं झाली नाहीत आणि सातच झाली तर सात लिहा. सेकंडरीचा आकडा याखाली एका ओळीत येऊ द्या, महिने लिहून.

यात एक अडचण राहते ती सांगतो. काही कंपन्यांत पहिली चाळणी एचआर करतं, आणि तिथे 'कार्डिओ-डायबेटिकचा दोन वर्षांचा अनुभव' अशी अट असेल तर तुमचा अर्ज तिथेच गळेल, कितीही नीट लिहिला तरी. त्यावर रेझ्युमेत उपाय नाही. उपाय फिल्डवर आहे. मिरजेच्या फिजिशियनच्या दारात त्या डिव्हिजनचे एमआर तुम्हाला रोज भेटतात. कुठल्या एचक्यूला जागा रिकामी आहे आणि तिथला एरिया मॅनेजर कोण, हे त्यांना आधी कळतं. अर्ज थेट त्या मॅनेजरकडे जाऊ द्या. बऱ्याच जागा मार्च क्लोजिंगनंतर, एप्रिल-मेमध्ये सुटतात, कारण वर्षाचा इन्सेंटिव्ह हातात पडला की लोक बदल करतात. मेलच्या विषयात स्वतःचं नाव आणि 'रेझ्युमे' एवढंच लिहू नका. 'सांगली-मिरज-जत, १८० डॉक्टर, ५० सामाईक' असं लिहा. ज्याची सांगलीची जागा रिकामी आहे तो मेल उघडेल.